पाहुण्याच्या कळा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे दिवाळी होऊन गेली, ऑफिसात धावपळ होती वगैरे नेहमीची कारणं आहेतच, पण खरं कारण म्हणजे मी एका पाहुण्याच्या सरबराईत अडकलो होतो. पाहुणा जर्मनीहून आला होता, उतरला होता चिपळूणला मावशीकडे, आणि त्याला मराठी सोडाच, इंग्रजीही धड येत नव्हतं. गोष्ट २०२३ च्या ऑक्टोबरातली आहे. लिहायला इतका उशीर झाला याचं कारण मावशीची परवानगी. "माझा पासवर्ड छापणार नसशील तर लिही" असं ती म्हणाली. (तो पासवर्ड बदलून जमाना झाला, त्यामुळे मी तो छापणारच आहे. :) )

आता खुलासा. पाहुणा म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. इंग्रजीतही त्याला 'गेस्ट'च म्हणतात, आणि ज्या मशीनवर तो उतरतो तो 'होस्ट', म्हणजे यजमान. आमची मावशी घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेते. चकल्या, कुरडया, मेतकूट, भाजणी. हिशेब वहीत. तिचा नातू, म्हणजे माझ्या मावसबहिणीचा मुलगा, आमचे भाचेराव, नोकरीनिमित्त जर्मनीत असतात. त्यांनी आजीला हिशेबासाठी एक डेबियन १२ चा पाहुणा तयार करून पाठवला. आजीच्या विंडोजच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकायचं, ही फाईल आत घ्यायची, की आत लिब्रेऑफिस, ऑर्डरींची फाईल, रोज रात्री नऊला बॅकअप, सगळं तयार. कल्पना उत्तमच. लॅपटॉपवर बाकी काही का बिघडेना, हिशेब आपला डबाबंद.

फक्त भाचेरावांनी तो पाहुणा स्वतःच्या घरी, स्वतःच्या सवयीने उभा केला. कळफलक जर्मन, घड्याळ बर्लिनचं, भाषा जर्मन. पाठवण्याआधी बदलायचं म्हणाले होते, राहिलं. आणि मावशीने फोन केला तो मला, कारण मी पुण्यात आणि "तुला त्यातलं कळतं".

पहिलाच प्रश्न पासवर्डाचा. भाचेरावांनी कळवलेला पासवर्ड होता `Zimt-7`. (Zimt म्हणजे जर्मनमधे दालचिनी. आजीचा मसाल्याचा व्यवसाय म्हणून हा लाडिकपणा.) मावशी तो दहा वेळा टाईप करून थकली, मशीन आत घेईना.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच निघाला. आपण कळ दाबतो तेव्हा कळफलक अक्षर पाठवतच नाही, कितव्या जागची कळ दाबली गेली एवढंच कळवतो. त्या जागेचं अक्षर काय हे ठरवते ती आतली प्रणाली. व्हर्च्युअलबॉक्ससुद्धा यजमानाकडून पाहुण्याला ही जागाच पोचवतो. त्यामुळे मावशीच्या विंडोजमधे कळफलक कसा लावलाय याचा पाहुण्याशी काडीचा संबंध नाही. मी सुरुवातीला तिला विंडोजच्याच सेटिंगमधे अर्धा तास फिरवलं, ते सगळं फुकट. जर्मन मांडणीत Y आणि Z यांची अदलाबदल असते. आपल्याकडे शून्याच्या उजवीकडे जी आडव्या रेघेची कळ असते, तिथे जर्मनीत ß असतो, आणि आडवी रेघ असते ती आपल्या `/` च्या जागी. म्हणजे मावशी इमानेइतबारे `Zimt-7` दाबत होती आणि पाहुण्याला ऐकू येत होतं `Yimtß7`. पासवर्डाच्या चौकटीत नुसते ठिपके, त्यामुळे दोघांनाही पत्ता नाही.

चौकटीच्या कोपऱ्यात डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबलं की ठिपक्यांऐवजी अक्षरं दिसतात. ते तिला दाबायला लावलं तेव्हा तो ß दिसला. "अरे, हा बी कुठून आला?" मावशी म्हणाली. मग Z च्या जागी Y, रेघेच्या जागी `/`, असं फोनवर सांगून तिला आत घेतलं. (काळ्या पडद्याच्या लॉगिनवर हा डोळा नसतो. तिथे पासवर्ड आधी नावाच्या जागी टाईप करून बघावा, काय उमटतं ते दिसतं. फक्त एंटर न दाबता खोडून टाकावा.)

आणि इथे मी चूक केली.

मावशी म्हणाली, हा दालचिनीचा पासवर्ड मला नको, माझा लावून दे. मी म्हटलं, लाव. सेटिंगमधे जाऊन तिने आपल्या पसंतीचा पासवर्ड लावला, `Kurdayi@250`. दोनदा टाईप केला, दोन्ही वेळा जुळला, मशीन खूश. त्यानंतर मी तिला कळफलक बदलायला सांगितलं. सेटिंगमधे (जर्मनमधे Einstellungen, मग Tastatur) इनपुटच्या यादीत English (US) घातलं आणि जर्मन काढून टाकलं. लिहून बघितलं, Y ला Y, Z ला Z. फोन ठेवला, चहा घेतला.

तासाभराने फोन. "अरे, पासवर्ड चालत नाही." मी म्हटलं मशीन बंद करून चालू कर. केलं. चालला. परत तासाने फोन, नाही चालत. बंद-चालू, चालला. असं दोन दिवस. सकाळी चालतो, चहानंतर चालत नाही. मावशीने निष्कर्ष काढला की मशीनला तिचा चहा खपत नाही.

ज्यांना उलगडा झाला असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत.

पासवर्ड लावला तेव्हा पाहुण्याचा कळफलक जर्मनच होता. `Kurdayi@250` टाईप करताना y दाबला तिथे z उमटला, आणि शिफ्ट-२ दाबलं तिथे `@` ऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह, कारण जर्मनीत शिफ्ट-२ वर तेच असतं. म्हणजे साठवला गेलेला खरा पासवर्ड `Kurdazi"250`. दोन्ही वेळा सारखीच चूक झाली म्हणून 'जुळला'. दोनदा विचारण्याचा बंदोबस्त बोट घसरलं तर उपयोगी पडतो, इथे सगळी पाटीच सरकलेली होती.

आता दुसरा भाग. डेबियनच्या ग्नोम पडद्यावर कळफलकाची मांडणी दोन ठिकाणी राहते. एक साऱ्या मशीनची, ती `/etc/default/keyboard` या फाईलीत, आणि लॉगिनचा पडदा तिच्यावर चालतो. दुसरी त्या त्या माणसाची, त्याच्या स्वतःच्या सेटिंगमधली. मी बदलली होती फक्त दुसरी. मशीन नव्याने चालू केलं की लॉगिनचा पडदा जर्मन, म्हणून मावशीची बोटं आणि चुकीचा पासवर्ड एकमेकांना बरोबर भेटत. पण चहाला उठल्यावर पडद्याला जे कुलूप लागतं ते मावशीच्याच सत्रातलं, ते अमेरिकन मांडणी मानतं. तिथे तीच बोटं खरोखरचं `Kurdayi@250` लिहीत, आणि तो पासवर्ड मुळात नव्हताच. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या. मी त्यातली एक दुरुस्त केली आणि दुसरी उघडी पडली.

मग क्रम काय असायला हवा होता? माझं मत आता पक्कं आहे: मांडणी आधी, पासवर्ड शेवटी. आणि मधल्या काळासाठी हंगामी पासवर्ड असा लावावा की त्यात y नाही, z नाही, चिन्हं नाहीत, नुसती बाकीची अक्षरं आणि आकडे. ते जर्मन आणि अमेरिकन दोन्ही मांडणींत एकाच जागी असतात. (फ्रेंच पाहुणा आला तर एवढंही पुरत नाही. त्यांच्याकडे A आणि Q ची अदलाबदल असते आणि आकडेसुद्धा शिफ्ट दाबून काढावे लागतात.) साऱ्या मशीनची मांडणी बदलायचा मार्ग असा:

```
sudo dpkg-reconfigure keyboard-configuration
sudo update-initramfs -u
```

पहिली आज्ञा प्रश्न विचारते: कळफलकाचा नमुना (Generic 105-key असू द्यावा), मग देश, मग मांडणी. दुसरी कशासाठी, तर ज्यांनी डिस्कला कुलूप लावलेलं असतं, म्हणजे चालू होतानाच जे मशीन परवलीचं वाक्य मागतं, त्यांच्यासाठी. तो प्रश्न विचारला जातो तेव्हा खरी प्रणाली उठलेलीच नसते. एक छोटी गाठोडीवजा प्रणाली असते आणि तिच्यात मांडणीची स्वतःची प्रत असते. तिला नवी प्रत दिली नाही तर आत सगळं अमेरिकन झालं तरी दारात जर्मनच उभा राहतो. मावशीच्या पाहुण्याला असं कुलूप नव्हतं, पण आज्ञा चालवून नुकसान काही नाही. यानंतर मशीन एकदा बंद-चालू करावं, साठवला गेलेला वाकडा पासवर्ड (`Kurdazi"250`, आता अवतरणचिन्ह त्याच्या आपल्याकडच्या जागी) टाईप करून आत यावं, आणि `passwd` ने नवा लावावा. आम्ही तेच केलं. तिसऱ्या दिवशी मावशीचा चहा निर्धोक झाला.

घड्याळाची कथा निराळी, पण तिचाही घाट तसाच. मावशीची तक्रार होती की पाहुण्याचं घड्याळ कधी दोन तास पुढे असतं तर कधी साडेतीन तास मागे. मी आधी विश्वासच ठेवला नाही. बर्लिनचं घड्याळ असेल तर ते मागे असणार हे उघड आहे. ऑक्टोबरात जर्मनीत उन्हाळी वेळ चालू असते, तेव्हा आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो. (ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ मागे घेतात, मग फरक साडेचार तासांचा.) पण दोन तास पुढे?

मावशी म्हणाली, "नेट नसलं की पुढे, नेट आलं की मागे." चिपळूणचं तिचं नेट म्हणजे लहरी कारभार, त्यामुळे दिवसातून दोन्ही दर्शनं घडत. हे निरीक्षण तिचं, त्याचं श्रेय मी घेत नाही.

कोणत्याही मशीनमधे एक सेलवरचं घड्याळ असतं. पाहुण्याला ते यजमानाकडून मिळतं, आणि व्हर्च्युअलबॉक्समधे एक खूण असते, System मधल्या Motherboard च्या पानावर, `Hardware Clock in UTC Time`. ती असेल तर पाहुण्याला जागतिक वेळ मिळते, नसेल तर यजमानाची भिंतीवरची वेळ. लिनक्स मात्र समजून चालतं की सेलवरचं घड्याळ जागतिक वेळ सांगतंय, आणि तिच्यात आपला वेळेचा पट्टा मिळवतं. मावशीच्या पाहुण्याला ती खूण नव्हती. (मशीन बनवताना यादीतून लिनक्सऐवजी भलताच प्रकार निवडला गेला असणार.) मग बघा: भिंतीवर सकाळचे १०. पाहुण्याला कळतं, १० वाजलेत. तो समजतो, जागतिक १०. बर्लिनची उन्हाळी वेळ जागतिक वेळेच्या दोन तास पुढे, म्हणून दाखवतो १२. नेट आलं की तो बाहेरच्या वेळेशी ताडून बघतो. खरी जागतिक वेळ साडेचार, अधिक दोन, साडेसहा. म्हणजे साडेतीन तास मागे. मावशीची दोन्ही निरीक्षणं तंतोतंत.

हे एकदा कळलं की फरकाच्या आकड्यावरूनच रोग ओळखता येतो. भारतात बसून पाहुणा बरोबर साडेपाच तास पुढे दिसला तर पट्टा ठीक आहे, दोष त्या खुणेत आहे. साडेतीन किंवा साडेचार मागे असला तर पट्टा मध्य युरोपचा राहिलाय. नुसते साडेपाच मागे, तर तो जागतिक वेळेवर ठेवलाय, आणि तसं कोणीतरी मुद्दाम केलेलं असू शकतं. दोन तास (हिवाळ्यात एक तास) पुढे, तर आमच्यासारखं दुहेरी दुखणं.

जे मुळीच करू नये ते बहुतेक जण पहिल्यांदा करतात, म्हणजे काटे हाताने फिरवतात. पडद्यावर बरोबर वेळ दिसते आणि आतली जागतिक वेळ चुकीची होते. नेट आलं की ती परत दुरुस्त होते आणि आपण "हे मशीन ऐकतच नाही" म्हणून चिडतो. ज्यांनी व्हर्च्युअलबॉक्सच्या 'गेस्ट ॲडिशन्स' पाहुण्यात टाकल्यात त्यांच्याकडे तर नेटचीही गरज नाही, यजमानाची वेळ थोड्या थोड्या सेकंदांनी तपासली जाते, आणि फरक वीस मिनिटांहून मोठा असला तर घड्याळ एका झटक्यात सरळ केलं जातं. पट्टा बदलण्यात आणि काटे फिरवण्यात आणखी एक फरक आहे. फाईलींवरचे शिक्के आत जागतिक वेळेतच ठेवलेले असतात, त्यामुळे पट्टा बदलला की जुन्या फाईलींच्या वेळाही आपोआप भारतीय दिसू लागतात. काटे फिरवून ठेवलेल्या काळात झालेल्या फाईलींवर मात्र खोटा शिक्का कायमचा बसतो.

उपाय दोन ओळींचा. पाहुणा पूर्ण बंद करून (नुसता झोपवून नव्हे, तेव्हा ती खूण बदलता येत नाही) व्हर्च्युअलबॉक्समधे खूण केली, आणि आत:

```
sudo timedatectl set-timezone Asia/Kolkata
timedatectl
```

दुसऱ्या आज्ञेने सगळं एकत्र दिसतं: स्थानिक वेळ, जागतिक वेळ, सेलवरच्या घड्याळाची वेळ (`RTC time`) आणि पट्टा. `Local time` भिंतीवरच्या घड्याळाशी जुळली की जिंकलो. नेट बंद ठेवून पाहुणा चालू करावा आणि मगच तपासावं, नाहीतर नेट दोष झाकून टाकतं. यानंतर मशीन एकदा बंद-चालू करणं बरं, कारण आधीपासून चालू असलेले प्रोग्राम जुनाच पट्टा धरून बसतात.

हे सगळं घड्याळाच्या शोभेसाठी नव्हतं. भाचेरावांनी बॅकअप रात्री नऊचा लावला होता. बर्लिनचे नऊ म्हणजे चिपळूणचे रात्रीचे साडेबारा. तेव्हा लॅपटॉप बंद, मावशी झोपलेली. दुकान मांडल्यापासून बारा दिवसांत एकही बॅकअप झालेला नव्हता, आणि कुठेही चूक म्हणून नोंद नव्हती, कारण काम अयशस्वी झालंच नव्हतं. ते सुरूच झालं नव्हतं. दिवाळीच्या ऑर्डरी सगळ्या त्या एका फाईलीत. हे कळलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, आणि मावशीला मी ते बॅकअप झाल्यानंतरच सांगितलं.

भाचेरावांशी यावरून माझी थोडी जुंपली. त्यांचं म्हणणं, पाहुणा नेहमी जागतिक वेळेवरच ठेवावा, शहाणे लोक तसंच करतात. मशीनं मशीनांशी बोलत असतील, नोंदी पाच देशांतून येऊन एकत्र होत असतील, तर मलाही ते मान्य आहे, तिथे वेळ मागे-पुढे होणारा पट्टा नकोच. पण ज्याच्यापुढे एकच बाई बसते, आणि ती "रात्री नऊला" म्हणते तेव्हा तिच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाचे नऊ म्हणते, तिथे `Asia/Kolkata` च बरोबर. आपल्याकडे उन्हाळी वेळ नाही, त्यामुळे वर्षातून दोनदा तास हरवण्या-सापडण्याचा त्यांचा मुख्य मुद्दा इथे लागूच होत नाही.

आता भाषा. जर्मन अक्षरं मावशीला दिसत होतीच, पण तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. कुठलं बटण कुठे ते तिने जागेवरून पाठ केलं होतं. म्हणून मीही ते शेवटी ठेवलं होतं, आणि खरं तर तेच सर्वात आधी करायला हवं होतं.

वजनकाट्यावरून तिच्याकडे एक फाईल येते, प्रत्येक ओळीत माल आणि वजन, किलोत, तीन दशांशस्थळांपर्यंत. साडेबारा किलो भाजणी म्हणजे `12.500`. जर्मन पद्धतीत टिंब आणि स्वल्पविराम उलटे असतात: दशांशाला स्वल्पविराम, आणि हजार वेगळे करायला टिंब. लिब्रेऑफिसने प्रणालीची भाषा मानून फाईल वाचली, आणि `12.500` चे झाले बारा हजार पाचशे. सव्वा किलो मेतकूट, `1.250`, झालं साडेबाराशे किलो. चूक दाखवणारा एकही संदेश नाही, कारण त्याच्या दृष्टीने आकडे निर्दोष होते. मावशीचाच फोन: "अरे, मी काय मिलिटरीला चकल्या पुरवते का?"

इथला मुद्दा असा की भाषा बदलल्याने हे दुरुस्त होत नाही. आत गेलेला आकडा आता बारा हजार पाचशेच आहे, भाषा बदलली की तो फक्त वेगळ्या चिन्हांनी दिसेल. भाषा बदलून मूळ फाईल पुन्हा आत घ्यावी लागते. मूळ फाईली काट्याबरोबरच्या पेनड्राइव्हवर होत्या म्हणून वाचलो.

आणि बदलायची कशात? बहुतेक जण म्हणतील, इंग्रजीत, आणि यादीत पहिलं दिसेल ते `en_US` निवडतील. माझा सगळ्यात मोठा आक्षेप यालाच आहे. जर्मन सेटिंग निदान चुकीचं दिसतं तरी. अमेरिकन सेटिंग बरोबर दिसतं आणि तारखा महिना आधी धरून वाचतं. `05/11/2023` ही पाच नोव्हेंबरची ऑर्डर अकरा मेची होते. आणि `13/11/2023` ला तेरावा महिना नसल्यामुळे ती तारीखच मानली जात नाही, नुसता मजकूर म्हणून पडून राहते. ओळखायची खूण हीच: एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे सरकलेल्या आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर डावीकडच्या निदान खोटं बोलत नाहीयेत, उजवीकडच्यांकडे संशयाने बघा. शिवाय छपाईचा कागदही ए-४ ऐवजी अमेरिकन 'लेटर' धरला जातो, तो वेगळाच ताप. म्हणून भारतातल्या इंग्रजीसाठी `en_IN` निवडावं:

```
sudo dpkg-reconfigure locales
cat /etc/default/locale
```

पहिल्या आज्ञेच्या लांबलचक यादीत `en_IN UTF-8` आणि `mr_IN UTF-8` अशा दोन्हींवर खूण करावी, आणि पुढच्या प्रश्नात मशीनची मुख्य म्हणून `en_IN`. जर्मनवरची खूण काढली तरी चालते. मग ग्नोमच्या सेटिंगमधे त्या माणसाची भाषा आणि आकडे-तारखांची पद्धत (ती वेगळी असते, तीही बघावी) बदलून बाहेर पडून परत आत यावं. कळफलकासारखंच इथेही मशीनचं एक आणि माणसाचं एक.

'मुख्य भाषा सरळ मराठीच का नाही' असं आपल्यापैकी कोणीतरी विचारणारच, म्हणून सांगतो. मी ते करून पाहिलंय. पडद्यावरच्या मेनूंना मराठी छान शोभते, पण बिघाड झाला की जो काळा पडदा येतो त्याला देवनागरी जोडता येत नाही. त्याच्याकडे जास्तीत जास्त ५१२ आकार ठेवायची जागा, आणि काना-मात्रा-जोडाक्षरं लावायची समजच नाही. नेमक्या अडचणीच्या वेळी चौकोन वाचत बसावं लागतं. त्यामुळे मशीनची भाषा `en_IN` आणि मावशीच्या सत्राची मराठी, अशी वाटणी केली. लिहिण्यासाठी मराठी मांडणी इनपुटच्या यादीत इंग्रजीच्या खाली घातली, वर नाही, म्हणजे कुलपाच्या पडद्यावर पहिल्यांदा इंग्रजीच समोर येते.

या सगळ्याला तीन संध्याकाळी गेल्या. भाचेराव म्हणाले, "मामा, एवढ्या वेळात मी नवीन करून पाठवला असता." खरंय. रिकामा पाहुणा असता तर मीही तेच म्हटलं असतं, अर्ध्या तासाचं काम. पण तोवर आत बारा दिवसांच्या ऑर्डरी होत्या, आणि नवा पाहुणा आला असता तो परत बर्लिनहूनच.

भाषा बदलून पहिल्यांदा आत गेल्यावर पाहुण्याने विचारलं की घरातल्या फोल्डरांची नावंही बदलू का. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की जुन्यातला माल हलवला जाणार नाही. हो म्हटलं असतं तर नव्या नावाचा रिकामा फोल्डर समोर आला असता, ऑर्डरी जुन्यातच राहिल्या असत्या, आणि बॅकअप जुन्या नावाने शोधत असतो ते ठीक पण मावशी नव्यात शोधत बसली असती. मी "जुनीच नावं ठेव" सांगितलं. म्हणून तिचे सगळे हिशेब अजूनही `Dokumente` मधेच आहेत. परवा फोनवर शेजारच्या काकूंना सांगत होती, "भाजणीचं ना, ते डोकुमेंटेत ठेवलंय."